थांबायचे की रद्द करायचे?

गिऱ्हाइकाने वस्तू मागवली, पैसे भरले, विक्रेत्याने तारीख दिली. आणि मग कळले की वस्तू गोदामात नाही, ती मागाहून येणार आहे. अशा अडकलेल्या ऑर्डरला व्यापारात बॅकऑर्डर म्हणतात. वस्तू बनणेच बंद झाले असेल तर प्रश्न सोपा असतो: ऑर्डर रद्द करायची आणि पैसे परत करायचे. प्री-ऑर्डरमध्येही गोंधळ नसतो, कारण वस्तू अजून बाजारात यायची आहे हे माहीत असूनच गिऱ्हाईक पैसे भरते. बॅकऑर्डर या दोहोंच्या मधली. वस्तू येणार हे खरे, पण ज्या तारखेवर सौदा ठरला ती तारीख आता पाळली जाणार नाही.

सौद्यातली एक बाजू विक्रेत्याकडून मोडली आहे, म्हणून गिऱ्हाइकाला पाठवायच्या निरोपाचे काम उशीर कळवून संपत नाही. नव्या तारखेवर सौदा मान्य आहे का, हे पुन्हा विचारावे लागते. विचारण्याला अर्थ यायचा तर गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटल्यावर पैसे परत मिळाले पाहिजेत. नवी तारीख आणि रद्द करण्याची मुभा या दोन गोष्टी एकाच निरोपात लागतात त्या यासाठी.

ही गोष्ट सर्वांत बारकाईने बांधली ती अमेरिकेने. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली टपालाने माल विकणाऱ्यांसाठी नियम केला. १९९३ मध्ये त्यात टेलिफोनवरच्या ऑर्डरी आल्या आणि २०१४ मध्ये इंटरनेटचे नाव स्पष्टपणे घातले गेले. विक्रेत्याने जाहिरातीत तारीख दिली असेल तर त्या तारखेपर्यंत, दिली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना झाला पाहिजे. ते जमणार नाही असे दिसताच, मूळ मुदत संपण्याच्या आत, गिऱ्हाइकाला नवी तारीख आणि रद्द करण्याचा पर्याय कळवायचा. उत्तर देण्यासाठी गिऱ्हाइकाला एक पैसाही खर्च पडता कामा नये. टपालाच्या काळात यासाठी आधीच तिकीट लावलेले उत्तरपत्र सोबत पाठवत.

हा नियम कागदावर राहिला नाही. १९९९ च्या नाताळात अमेरिकेत इंटरनेटवरून खरेदीची पहिली मोठी लाट आली. खेळणी आणि भेटवस्तू सणाच्या आत पोचतील असे सांगून घेतलेल्या कित्येक ऑर्डरी पोचल्या नाहीत, आणि उशिराची नीट सूचनाही गेली नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये मॅसीज डॉट कॉम, टॉइजआरअस डॉट कॉम, सीडीनाऊ यांच्यासह सात विक्रेत्यांनी मिळून १५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. २०२० मध्ये फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीने ९३ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. तिच्यावर आरोप होता की उशीर झाल्यावर तिने गिऱ्हाइकांना रद्द करण्याची रीतसर संधी दिली नाही, आणि न पाठवलेल्या मालाचे पैसे परत करण्याऐवजी गिफ्ट कार्ड हाती ठेवली.

भारतात इतका पायरीपायरीचा नियम नाही. पण विक्रेता मोकळा आहे असेही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विकलेला माल सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. पूर किंवा तत्सम अनिवार्य आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर हे बंधन लागू होत नाही, मात्र पुरवठादाराने माल उशिरा दिला ही सबब सहसा त्या सदरात बसणार नाही. त्याहून जुना आधार १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती वेळ चुकली, तर करार मोडायचा की ठेवायचा हे समोरच्याने ठरवायचे. त्याच कलमात पुढे एक गोष्ट आहे, ती फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक असते. उशिरा मिळालेली वस्तू त्याने मुकाट्याने स्वीकारली, तर उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या ‘चालेल, थांबतो’ या दोन शब्दांना कायद्याच्या लेखी वजन आहे. म्हणूनच ते त्याच्याकडून पूर्ण माहिती देऊन घेतले पाहिजेत, गुळमुळीत निरोप पाठवून नव्हे.

हे सगळे प्रत्यक्षात कसे उतरते ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावरून पाहता येईल. पुण्यातला एक छोटा कारखाना घरघंट्या, म्हणजे घरगुती पिठाच्या गिरण्या, बनवतो. दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढते, कारण चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, बेसन हे सगळे घरीच दळून घ्यायचे असते. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे. कारखान्याने ६४ ऑर्डरी घेतल्या आहेत, प्रत्येकीचे १८,५०० रुपये जमा आहेत, आणि सगळ्यांना २१ ऑक्टोबरपर्यंत घरपोच असे सांगितले आहे. मोटरी कोइमतूरहून १० ऑक्टोबरला यायच्या. ९ तारखेला पुरवठादाराचा फोन येतो: मोटरी तयार नाहीत. १८ तारखेला ४० पाठवतो, उरलेल्या २४ चे नक्की सांगता येत नाही.

पहिले काम तारीख काढण्याचे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. सोपा हिशेब असा: १८ ला निघालेला माल चार दिवसांत, २२ ला पुण्यात. २३ ला तपासणी. २४ पासून रोज ८ घरघंट्या जोडून होतात, म्हणजे २७ चा रविवार सोडून २९ ला चाळीसच्या चाळीस तयार. शेवटचे गिऱ्हाईकही दिवाळीच्या आत, असे म्हणून विक्री विभाग ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ असा निरोप पाठवायला निघतो.

या हिशेबात पुरवठादाराची तारीख जशीच्या तशी धरली आहे. खरेदीची वही उघडली तर कळते की मागच्या चार खेपांना त्याचा माल सांगितल्यापेक्षा तीन ते सात दिवस उशिरा निघाला होता. मधला आकडा धरून पाच दिवस मिळवले की माल निघणार २३ ला, पोचणार २७ च्या रविवारी, तपासणी २८ ला. २९ आणि ३० ला मिळून १६ घरघंट्या होतील. ३१ ला नरकचतुर्दशी. तिथपासून भाऊबीजेपर्यंत कारखानाही बंद आणि मालवाहतूकवालेही. ४ नोव्हेंबरला काम सुरू झाले की ६ तारखेपर्यंत उरलेल्या २४ पुऱ्या होतील. पोचायला तीन दिवस धरले तर खरी तारीख निघते ९ नोव्हेंबर.

३१ ऑक्टोबर आणि ९ नोव्हेंबर यांत नऊच दिवसांचे अंतर आहे, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मध्ये अख्खी दिवाळी आहे. ३१ तारीख सांगितली तर घरातली बाई भाजणीचे धान्य भाजून डब्यात भरून घरघंटीची वाट पाहील. ९ नोव्हेंबर सांगितली तर त्याच दिवशी ठरवेल की यंदा कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणू. चुकीच्या तारखेने तिचे नुसते वाट पाहणे वाढत नाही, दुसरी सोय करायचा वेळही हातचा जातो. म्हणून बॅकऑर्डरची तारीख काढताना आशेची तारीख धरू नये. पुरवठादार त्याच्या सवयीइतका उशीर करील असे गृहीत धरूनही जी पाळता येईल, तीच गिऱ्हाइकाला सांगावी. सोळा जणांना घरघंटी त्याआधी निघाली तर एक फोन करून पाठवता येतेच.

रांगेतला क्रमही इथेच ठरतो. मोटरी ४० आणि ऑर्डरी ६४ असताना सर्वांना एकच निरोप पाठवला तर तो २४ जणांच्या बाबतीत खोटा ठरतो. ज्याने आधी पैसे भरले त्याला आधी, हा सरळ न्याय. आरडाओरडा करणाऱ्याला पुढे घेतले की मागचा प्रत्येक जण एकेक घर मागे सरकतो, आणि त्याला पाठवलेली तारीख न कळवताच बिघडते. तेव्हा पहिल्या चाळिसांना तारखेचा निरोप जाईल, उरलेल्या चोविसांना तारीख नसलेला.

तारखेचा निरोप साधारण असा असावा:

“नमस्कार. आपली घरघंटी (ऑर्डर क्र. ३१८, १८,५०० रुपये जमा) २१ ऑक्टोबरपर्यंत पोचवू असे आम्ही सांगितले होते. मोटरी वेळेवर न आल्याने ते जमणार नाही. आता ती ९ नोव्हेंबरपर्यंत घरी पोचेल, म्हणजे दिवाळीआधी मिळणार नाही. थांबणार असाल तर १ लिहून पाठवा. रद्द करायची असेल तर २ लिहून पाठवा. पूर्ण १८,५०० रुपये सात कामकाजाच्या दिवसांत, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत येतील. आता थांबायचे ठरवले तरी घरघंटी कारखान्यातून निघेपर्यंत केव्हाही रद्द करता येईल. आमच्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

यात जुनी तारीख मुद्दाम लिहिली आहे, कारण काय बदलले हे तिच्याशिवाय कळत नाही. कारण एका वाक्यात आटोपले आहे. मोटरीच्या टंचाईची सविस्तर हकिकत विक्रेत्याला महत्त्वाची वाटते, गिऱ्हाइकाला तिचा उपयोग नसतो. ‘पोचेल’ हा शब्दही जपून वापरलेला आहे. अमेरिकी नियम माल रवाना होण्याची तारीख मोजतो, घरी पोचण्याची नव्हे, आणि विक्रेतेही पुष्कळदा रवानगीचीच तारीख लिहितात. वाचणारा मात्र ती दारात येण्याची तारीख समजतो. जी तारीख दिली ती कशाची, हे शब्दात आलेच पाहिजे. आणि ‘दिवाळीआधी मिळणार नाही’ हे सहा नोव्हेंबर, नऊ नोव्हेंबर असल्या आकड्यांत लपू न देता उघड लिहिले आहे. हे वाक्य लिहायला विक्रेत्याचा हात अडखळतो, पण गिऱ्हाइकाचा सगळा निर्णय याच एका वाक्यावर असतो.

‘काही अपरिहार्य कारणांमुळे आपली ऑर्डर थोडी लांबणीवर पडली आहे, लवकरच पाठवू, सहकार्याबद्दल धन्यवाद’ या रोजच्या निरोपात तारीखही नाही आणि मुभाही नाही. गिऱ्हाइकाने अजून न दिलेल्या सहकार्याचे आभार मात्र आधीच मानलेले असतात. असा निरोप पाठवल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून ‘कधी येणार?’ असे फोन सुरू होतात. निरोप पोचला, पण त्यातून काही कळले नाही, याची ती खूण.

वेळेचेही गणित आहे. फोन ९ तारखेला आला, तर निरोप १० ला गेला पाहिजे, २० ला नव्हे. अकरा दिवस आधी कळले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून घरघंटी आणू शकते. आदल्या दिवशी कळवल्यावर रद्द करायची मुभा नावापुरती उरते. त्यासाठी मजकुराची तयारी आधीच लागते. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत अगोदर मंजूर करून घ्यावा लागतो. तारीख, रक्कम, ऑर्डर क्रमांक यांच्या जागा मोकळ्या ठेवून. उशिराचा मजकूर नोंदवून ठेवला नसेल तर ऐन वेळी तो जाणारच नाही. शिवाय देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा असतो. वरचा निरोप त्यात मावत नाही आणि अनेक तुकड्यांचे पैसे पडतात. एसएमएसमध्ये तारीख आणि दोन पर्याय, आणि पूर्ण मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने, अशी वाटणी सोयीची पडते.

निरोप कोणाला जातो हेही पाहावे. सांगलीतल्या आईसाठी मुलाने न्यू जर्सीतून ऑर्डर दिलेली असते. नंबर मुलाचा, पत्ता आईचा. निरोप त्याच्या फोनवर रात्री पडतो आणि इकडे आई गाडीची वाट पाहत असते. पैसे ज्याने भरले त्याला निर्णय विचारावा, पण ज्याच्या दारात वस्तू यायची त्यालाही तारीख कळवावी.

आता जे उत्तरच देत नाहीत त्यांचे काय? अमेरिकी नियमाची या ठिकाणची आखणी अभ्यासण्यासारखी आहे. पहिलाच उशीर असेल, नवी तारीख नक्की असेल आणि ती मूळ तारखेपासून ३० दिवसांच्या आतली असेल, तर गिऱ्हाइकाचे मौन हा होकार धरता येतो. मात्र तसे धरले जाईल हे निरोपात सांगितलेले हवे. उशीर त्याहून मोठा असेल किंवा तारीखच सांगता येत नसेल, तर गिऱ्हाइकाने स्पष्ट होकार द्यावा लागतो. तो आला नाही आणि मूळ तारखेनंतर ३० दिवसांत मालही निघाला नाही, तर ऑर्डर आपोआप रद्द धरून पैसे परत करायचे. यामागचा विचार उघड आहे. थोडा आणि मोजता येणारा उशीर बहुतेक लोक चालवून घेतात. बेमुदत उशिराला कोणी गप्प राहून मान्यता दिली असे मानणे म्हणजे त्याचे पैसे बिनव्याजी वापरणे होय.

त्या मापाने घरघंटीच्या चाळीस गिऱ्हाइकांचा उशीर १९ दिवसांचा, म्हणजे मौन चालण्याजोगा. तरी सणाच्या वस्तूच्या बाबतीत मौनावर विसंबू नये. ज्यांचे उत्तर तीन दिवसांत आले नाही त्यांना फोन करावा. चाळीस ऑर्डरींत असे दहाबारा जण असले तर ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. फोनवर जे ठरले ते लगेच लिहून पाठवावे: ‘आपण थांबायचे ठरवल्याचे आज फोनवर सांगितलेत.’ उरलेल्या चोविसांच्या निरोपात सरळ लिहावे की तारीख आज सांगता येत नाही, आपण स्पष्टपणे ‘थांबतो’ असे कळवले नाही तर २० नोव्हेंबरला ऑर्डर रद्द करून पैसे परत केले जातील, आणि थांबलात तरी मधे केव्हाही रद्द करता येईल. यातले बरेच जण सोडून जातील. त्यांना अंधारात ठेवून धरून ठेवण्यापेक्षा ते बरे, कारण ते पैसे कारखान्याचे नव्हेतच.

निरोप गेला तरी दुकानाचे बाकीचे भाग जुन्याच तारखेवर चालू राहतात, आणि तिथे गडबड उडते. संकेतस्थळावर ‘२१ ऑक्टोबरपर्यंत घरपोच’ तसेच राहते आणि पासष्टावी ऑर्डर पडते. आपोआप जाणारा संदेश २० तारखेला ‘आपली ऑर्डर उद्या पोचेल’ असे कळवून मोकळा होतो. दुकानातला विक्रेता फोनवर ‘ताई, दिवाळीच्या आत देतो’ म्हणून जातो. म्हणून नवी तारीख प्रथम ऑर्डरच्या नोंदीत बदलायची, आपोआप जाणारे संदेश थांबवायचे, नव्या विक्रीला नवी तारीख लावायची, आणि मगच निरोप पाठवायचा.

नवी तारीखही चुकली तर? ५ नोव्हेंबरला कळले की २९ नंतर जोडायच्या काही मोटरी सदोष निघाल्या आणि दहा गिऱ्हाइकांना २० तारीख द्यावी लागणार. दुसऱ्या खेपेला अमेरिकी नियम मौनाची सवलत देत नाही. ९ तारीख उलटण्याच्या आत पुन्हा विचारायचे, आणि ज्याने स्पष्ट ‘हो’ म्हटले नाही त्याचे पैसे परत करायचे. भारतीय विक्रेत्यावर हे बंधन नसले तरी ही रीत उचलण्यासारखी आहे. पहिल्यांदा गप्प राहिलेला माणूस ९ तारखेसाठी गप्प राहिला होता, २० साठी नव्हे.

पैसे परत करणे हे शेवटचे काम आणि तक्रारी सर्वाधिक इथल्याच. अमेरिकी नियमात रोख किंवा धनादेशाने आलेले पैसे सात कामकाजाच्या दिवसांत परत जावे लागतात, आणि पैशाऐवजी पुढच्या खरेदीचे कूपन चालत नाही. भारताच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेता स्वतः ऑर्डर रद्द करताना भुर्दंड सोसत नसेल, तर गिऱ्हाइकाकडूनही रद्द करण्याचा आकार घेता येत नाही. पैसे भरून घेणाऱ्या मध्यस्थ कंपनीने कापलेले शुल्क विक्रेत्याने सोसायचे. १८,५०० आले असतील तर १८,५००च परत जावेत. कार्डावर रक्कम दिसायला बँकेचे काही दिवस जातात, म्हणून ‘पैसे पाठवले’ एवढे न लिहिता रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कळवावा. तो क्रमांक दाखवून गिऱ्हाईक आपल्या बँकेत विचारू शकते.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता, तारीख नसलेला निरोप आला तर लेखी तारीख मागावी, आणि थांबायचे ठरवले तरी भरपाईचा हक्क राखून ठेवतो असे उत्तरात लिहावे. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचे कळवून महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. तसे झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी ऑर्डरची पावती, मूळ तारीख दिसणारा संदेश आणि नंतर आलेला प्रत्येक निरोप हाताशी ठेवावा.